घारापुरीवरून दिसलेला उलटा चालणारा टग: एवढंसं बोटकं एवढं मोठं जहाज हलवतं कसं?

मृदगंध (कोथरूड), शनिवार रात्री ९.४०

मागच्या आठवड्यात घरचे सगळे घारापुरीला गेलो होतो. लेणी बघून झाल्यावर तोफांच्या टेकडीवर चढलो, तिथून समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. लेकीच्या हातात दुर्बीण. एक भलंमोठं कंटेनरचं जहाज धक्क्याकडे येत होतं आणि त्याच्याभोवती तीन टग होते. दोघं बाजूला, एक मागे. मागचा टग जहाजाकडे तोंड करून त्याच वेगानं चालला होता, मधे दोर नुसता लोंबत होता. बाजूचे दोघे आधी खेकड्यासारखे आडवे सरकले, मग नाक लावून ढकलू लागले, आणि थोड्या वेळानं त्यातला एक आपल्या दोरानं उलटा ओढायला लागला. वळला नाही, काही नाही.

लेक सातवीत आहे. तिचे दोन प्रश्न. एक, बोट आडवी कशी चालते? दोन, एवढंसं बोटकं एवढं मोठं जहाज हलवतं कसं? घरी शोधल्यावर कळलं की टगची ताकद ‘पन्नास टन बोलार्ड पुल’ अशी सांगतात. पण जहाज तर लाख टनांचं! मला उत्तर देता आलं नाही. इथे कोणी बंदरात काम केलेलं आहे का?

गिअरबॉक्स_पिंपरी, शनिवार रात्री १०.१५

सोपं आहे ताई. आडवी चालते कारण खाली अझिमथ ड्राइव्ह असतो. म्हणजे पंखा आणि गिअरबॉक्स मिळून एक पाय, तो बोटीखाली पूर्ण गोल फिरतो. इंजिन आडवं, त्यातून शाफ्ट येतो, बेव्हल गिअरनं उभा होतो, खाली परत बेव्हल गिअर आणि पंखा. झेड अक्षरासारखा, म्हणून झेड ड्राइव्ह. असे दोन पाय असले की दोन वेगवेगळ्या दिशांना जोर लावून बोट कुठेही सरकवता येते. सुकाणूच लागत नाही.

आणि बोलार्ड पुल म्हणजे शेवटी हॉर्सपॉवरच, वेगळ्या एककात. चार हजार हॉर्सपॉवरला पन्नास टन. इंजिन मोठं की टग मोठा, विषय संपला.

भोंगा_निवृत्त (तळेगाव), रविवार सकाळी ६.५०

मृदगंधताई, मी एकवीस वर्षं टगवर होतो, त्यातली शेवटची तेरा टगमास्टर म्हणून. आता तळेगावात भाजी लावतो. लेकीला सांगा, प्रश्न बरोब्बर पडलेत.

गिअरबॉक्सराव, पहिला परिच्छेद मान्य, दुसरा नाही. विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. बोलार्ड पुल कसा मोजतात बघा. धक्क्यावरच्या खुंट्याला लांबलचक दोर बांधायचा, मधे वजन मोजणारा काटा, आणि टगनं पूर्ण जोर लावून काही मिनिटं तसंच ओढत राहायचं. टग जागचा हलत नाही. काट्यावर जी सरासरी येते तो बोलार्ड पुल. दोर लांब का? आखूड ठेवला तर पंख्यानं मागे फेकलेलं पाणी धक्क्याच्या भिंतीवर आपटून परत येतं आणि आकडा फसवा निघतो. खाली पाणीही भरपूर खोल लागतं.

म्हणजे हा आकडा वेग शून्य असतानाचा. वेग शून्य म्हणजे तुमच्या पुस्तकाप्रमाणे काम शून्य. सगळी हॉर्सपॉवर फक्त पाणी फेकण्यात जाते. तेच इंजिन उघड्या पंख्याला लावलं तर हजार हॉर्सपॉवरला साधारण दहा टन मिळतात. पंख्याभोवती नोजलचं कडं बसवलं की बारा-तेरा. इंजिन तेच, टन वेगळे.

आणि प्रमाणपत्रावरचे पन्नास टन नव्या टगचे. दहा वर्षांनी, बुडाला कालवं चिकटलेली असताना, तेवढेच मिळतील असं धरून चालणारा, जहाज बंदरात आणणारा पायलट मी पाहिलेला नाही.

गिअरबॉक्स_पिंपरी, रविवार सकाळी ९.०५

नोजल म्हणजे जेटसारखं का? मग ते वेगातही चांगलंच काम करत असणार.

भोंगा_निवृत्त, रविवार सकाळी ९.३०

उलट आहे. कड्याचा फायदा थांबलेलं असताना किंवा अगदी सावकाश चालताना. वेग वाढला की तेच कडं पाण्याला अडायला लागतं. टगचं निम्मं आयुष्य जागच्या जागी जोर लावण्यात जातं, म्हणून त्याला ते शोभतं.

आता लाख टनांचं गणित. जहाज तरंगतंय, ते उचलायचं नाहीये, फक्त सरकवायचं आहे. पन्नास टनांचा जोर लाख टनांवर लावला तर ते हळूहळू वेग घेणारच, अडवायला पाण्याशिवाय काही नाही. मात्र आडवं सरकताना जहाज स्वतःबरोबर बाजूचं पाणीही ढकलतं, म्हणून मी दीड-दोन लाख टन धरतो. दोन लाखांवर एका टगनं पूर्ण जोर लावला तर एका मिनिटानं जहाज सेकंदाला साधारण पंधरा सेंटिमीटर वेगानं सरकत असतं. मुंगीची चाल वाटते ना? पण धक्क्याला टेकताना आम्हाला दहाच्या आत हवं असतं. म्हणजे एक मिनिट जोर जास्त लागला की जहाज जास्त वेगानं येतंय. आणि ते थांबवायलाही तेवढाच जोर तेवढाच वेळ उलट लावावा लागतो. ही सगळी कला हलवण्याची नाही, वेळेत थांबवण्याची.

खडकवासला_मॉडेल, रविवार सकाळी ११.१०

निवृत्तीआधी मी खडकवासल्याला बंदरांच्या प्रतिकृतींवर काम करत असे, म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. जहाजाखाली पाणी भरपूर असेल तर दीडपट-दुप्पट ठीक. पण बुडाखाली मीटर-दीड मीटरच पाणी उरलं असेल तर बाजूचं पाणी खालून निसटू शकत नाही, जहाजाला वळसा घालून जावं लागतं. तेव्हा आडवं सरकवायचं ओझं दुपटीच्याही पुढे जातं. ओहोटीला तेच जहाज, तोच टग, आणि हालचाल सुस्त. प्रतिकृतीत हे डोळ्यांनी दिसायचं.

भोंगा_निवृत्त, रविवार सकाळी ११.२५

शंभर टक्के. आम्ही त्याला ‘जहाज चिकटलंय’ म्हणायचो. कारण आत्ता कळलं.

शिवार_मंचर, रविवार दुपारी १.००

वाचतोय. त्या टगमध्ये ‘ट्रॅक्टर टग’ नावाचा प्रकार असतो असं दिसलं. म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचं इंजिन बसवतात का? आमच्याकडे नदीवरच्या पाणी उपशाला ट्रॅक्टरच लावतात म्हणून विचारलं.

आणि दोराचं निघालंच आहे तर. गेल्या पावसाळ्यात माझा टेम्पो बांधावर रुतला. नायलॉनचा दोर लावून ट्रॅक्टरनं हिसका दिला. दोर तुटला आणि त्याचं टोक हुकासकट परत आलं ते टेम्पोची काच फोडून आत. मी दोन मिनिटं आधी तिथेच बसलो होतो. टगवर एवढ्या ताकदीचा दोर तुटला तर काय होत असेल?

भोंगा_निवृत्त, रविवार दुपारी ३.४५

शिवारभाऊ, देवानं वाचवलं तुम्हाला. टगवर अगदी हेच होतं आणि माणसं जातात. ताणलेला दोर सुटला की चाबकासारखा आपल्याच रेषेत परत येतो. म्हणून दोरावर ताण असताना नाळेवरच्या, म्हणजे टगच्या पुढच्या टोकाच्या, डेकवर कोणी उभं राहायचं नाही, हा माझा पहिला नियम होता. दोर बांधून झाला की पोरं आत. हल्ली नायलॉनऐवजी कमी ताणला जाणारा दोर वापरतात. तो वजनाला हलका, पाण्यावर तरंगतो, तुटला तरी तेवढा उसळत नाही. पण अजिबात उसळत नाही असं समजून त्याच्या रेषेत उभं राहणारा एकदाच चुकतो.

ट्रॅक्टर टगचा शेतीशी संबंध नाही. ज्याचे पंखे पुढच्या भागात बुडाखाली असतात आणि दोर मागून बांधतात तो ट्रॅक्टर. पुढचा भाग ओढतो, म्हणून नाव. ज्याचे दोन्ही झेड ड्राइव्ह मागे आणि दोराचा विंच नाळेवर, त्याला आम्ही एएसडी म्हणतो. मृदगंधताईंनी पाहिलेले बहुतेक हेच. म्हणून बाजूचा टग जहाजाकडे तोंड ठेवूनच उलटा ओढत होता. त्याचं कामाचं तोंडच ते. पंखे फिरवले की ढकलणं, उलटे फिरवले की ओढणं, मधे वळायची गरज नाही. उलटं ओढताना ताकद जराशी कमी भरते, पन्नासचे सेहेचाळीस-सत्तेचाळीस धरा.

जुने टग या दोन्हींत बसत नाहीत. पंखा मागे, सुकाणू मागे आणि दोराचा हुक जवळपास मधोमध. माझी पहिली सहा वर्षं त्यावर गेली आणि भीती काय असते ते तिथे कळलं. तुम्ही जहाजाच्या पुढे दोर लावून चाललाय, जहाजानं जरा जास्त वेग घेतला, तुम्ही मागे पडलात. दोर आता मागे न राहता बाजूला आला. जहाज त्याच दोरानं तुम्हाला आडवं ओढायला लागतं. दोर मधोमध बांधलेला, तुमचा पंखा मागे, त्यामुळे टगला वळून सरळ होता येत नाही. तो कलतो, डेक पाण्यात जातो, आणि मग उलटतो. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. त्याला गर्टिंग म्हणतात. हुकाला झटक्यात सोडायची सोय असते, पण ती वापरायची हे लक्षात येईपर्यंत वेळ संपलेली असते. 2007च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडच्या क्लाईड नदीत धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ नावाचा टग असाच एका जहाजापुढे उलटला, चारपैकी तिघं गेले. दोर सोडायचं यंत्र होतं, पण दोर वेळेत सुटला नाही.

म्हणून दोर लागलेला असताना इंजिनरूमची दारं बंद. उन्हाळ्यात आत भट्टी होते, पोरं कुरकुरतात, तरी बंद. टग कलल्यावर पाणी आत शिरतं ते याच दारांतून.

थर्डमेट_औंध, रविवार रात्री ८.२०

मी सध्या सुट्टीवर आहे, कंटेनर जहाजांवर अधिकारी. भोंगाकाकांच्या म्हणण्यात जहाजाच्या बाजूनं थोडी भर.

टग किती ताकदवान यापेक्षा आमच्या डेकवरचा खुंटा किती झेपवतो हे आम्ही आधी बघतो. खुंट्यावर त्याची सुरक्षित मर्यादा रंगानं लिहिलेली असते. जुन्या जहाजांवर ती साठ-पासष्ट टन असू शकते आणि बाहेर ऐंशी टनांचा नवा टग उभा. खुंटा डेकसकट उपटला गेल्याची उदाहरणं आहेत. तसंच ढकलण्याचं. जहाजाच्या कडेवर जागोजागी बाण काढून इंग्रजीत ‘टग’ लिहिलेलं असतं, तिथे आतून जादा फासळ्या बसवलेल्या असतात. टगनं तिथेच नाक लावायचं. दोन फासळ्यांच्या मधे लावलं तर पत्रा आत जातो आणि ते आम्हाला पुढच्या तपासणीत कळतं.

माझं मत असं की शक्य तिथे ढकलणं बरं, ओढणं टाळावं. ओढताना दोर, खुंटा, विंच, सगळं ताणात. ढकलताना फक्त रबरी फेंडर.

गिअरबॉक्स_पिंपरी, रविवार रात्री ८.५५

शिवाय ओढताना दोर तिरपा असतो, जहाजाचा डेक उंच, टग खाली. समजा उंचीतला फरक पंधरा मीटर आणि दोर पंचवीस मीटर, तर आडवं अंतर वीस. म्हणजे पन्नासपैकी चाळीस टनच जहाजाला मिळतात, वीस टक्के वरच्या दिशेनं वाया. मूलभूत त्रिकोणमिती.

थर्डमेट_औंध, रविवार रात्री ९.१०

त्रिकोण बरोबर, निष्कर्ष उलटा. टगचे पंखे पाण्यात आडवाच जोर लावतात, पन्नास. तो जोर आडवा पोचायचा तर तिरप्या दोरात त्याहून जास्त ताण यायला हवा: पन्नास भागिले शून्य पूर्णांक आठ, म्हणजे साडेबासष्ट टन. जहाजाला पन्नासच मिळतात, पण खुंट्यावर साडेबासष्ट येतात. साठ टनांचा खुंटा असेल तर पन्नासचा टगही त्याला जास्त होतो. दोर पन्नास मीटर सोडला की हाच ताण बावन्न-त्रेपन्नवर येतो.

गिअरबॉक्स_पिंपरी, रविवार रात्री ९.१५

मान्य. आज दोनदा.

भोंगा_निवृत्त, सोमवार सकाळी ७.०५

दोराच्या लांबीवरून आमचा एक दिवस आठवला, तो सांगतो. बंदराचं नाव सांगत नाही, पश्चिम किनाऱ्यावरचं आहे एवढं पुरे.

जुलै महिना. तीनशे मीटरचं कंटेनर जहाज, वर पेट्या रचलेल्या. वारा धक्क्याच्या दिशेनं. म्हणजे जहाजाला धक्क्याकडे ढकलायची गरजच नव्हती, वारा ते फुकट करत होता. आमचं काम उलट: दोन टगनं समुद्राच्या बाजूनं ओढून धरायचं आणि जहाजाला सावकाश टेकू द्यायचं. एक पुढच्या खांद्याला, मी मागच्या बाजूला. दोन्ही पन्नास टनांचे. जहाजाचा पुढचा आडवा पंखा बिघडलेला होता, हे पायलटला आधी सांगितलं होतं. तिसरा टग दुसऱ्या जहाजावर होता, तासाभरानं येणार होता.

वाऱ्याचं गणित पायलट करतातच. आम्हाला शिकवलेलं साधं सूत्र असं: वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, अठरानं भागा, की एका चौरस मीटरवर किती किलो जोर येतो ते निघतं. त्या जहाजाची पेट्यांसकट बाजू साधारण नऊ हजार चौरस मीटर. वारा वीस नॉट म्हणजे सेकंदाला दहा मीटरच्या थोडं वर. सूत्र सांगतं चौरस मीटरला सहा किलोच्या आत, एकूण त्रेपन्न टन. आमच्याकडे दोघांचे मिळून शंभर. निम्मं शिल्लक. पायलटनं आत आणायचं ठरवलं आणि त्यात चूक नव्हती.

धक्क्यापासून तीस मीटरवर जहाज समांतर आणून थांबवलं आणि ढगाची एक काळी भिंत आली. वारा अठ्ठावीसवर. वीसाचे अठ्ठावीस हे काही दुप्पट नाही ना? पण वर्ग आहे. जोर त्रेपन्नचा एकशेतीन-चार झाला. आता आम्ही दोघं उलटे पूर्ण जोरात, म्हणजे शंभर नव्हे, नव्वदीच्या घरात. आणि त्यातलं पण सगळं पोचत नव्हतं. दोर आखूड होता, पंचवीस मीटरच्या आसपास. उलटं ओढताना माझ्या पंख्याचं पाणी पुढे, थेट जहाजाच्या कडेवर आपटत होतं. म्हणजे दोरानं मी जहाज बाहेर ओढत होतो आणि माझंच पाणी त्याला धक्क्याकडे ढकलत होतं.

कळलं कसं? काट्यावरून नाही. दोराचा ताण विंचवर पूर्ण दिसत होता, तरी धक्क्यावरच्या खांबांची रांग जहाजाच्या पिछाडीआड सरकत होती. आणि कडेवर पाणी पांढरं फेसाळून वर चढत होतं. ताण पूर्ण आणि जहाज तरी जातंय, याचा अर्थ दुसरा काही नसतो.

मृदगंध, सोमवार सकाळी ७.४०

काका, अर्ध्यात थांबू नका. लेक शाळेत जायची थांबलीये.

भोंगा_निवृत्त, सोमवार सकाळी ८.१०

तिला रिक्षात वाचू द्या.

मी पायलटला सांगितलं, दोर सोडतो, पन्नास मीटरपर्यंत जातो. ऐकायला वेडेपणा वाटतो, कारण दोर सोडताना काही सेकंद माझा जोर शून्य. जहाज तेवढं आणखी आत जाणार. पायलट दोन श्वास गप्प होता. मग म्हणाला, आधी तू एकटा, पुढचा तसाच राहू दे. मी सोडत मागे गेलो, परत ताण घेतला, आणि दोन्ही पंखे थोडे बाहेरच्या बाजूला उघडले, म्हणजे पाण्याचे दोन झोत जहाजावर एकत्र न आपटता दोन बाजूंना जातील. त्यात थोडी ताकद जाते, पण आपटणारं पाणी त्याहून महाग पडत होतं. मग पुढच्यानं तसंच केलं.

एका टगला हे करायला दीड मिनिट लागलं असेल. वीस-पंचवीस टनांची तूट असेल तर दोन लाखांच्या ओझ्यावर चार मिनिटांत जहाज तीस मीटर ओलांडून सेकंदाला पाव मीटरच्या वेगानं धक्क्यावर पोचतं. तेवढाच वेळ होता. दोघं मागे गेल्यावर सरकणं मंदावलं. थांबलं असं म्हणणार नाही. मग सर ओसरली, वारा बाविसावर आला आणि जहाज फेंडरला टेकलं. धक्क्यावरच्या मीटरवर सेकंदाला बारा की तेरा सेंटिमीटर दिसले. फेंडर बराच दबला, कुठे काही फाटलं नाही.

वाचलो त्यात माझं किती आणि वाऱ्याचं किती, हे मी आजही सांगू शकत नाही.

थर्डमेट_औंध, सोमवार सकाळी ८.४५

काका, इथे मात्र मी थांबणाऱ्यांच्या बाजूनंच बोलणार. वारा धक्क्याकडे आणि आडवा पंखा बंद, अशा वेळी दोनच टगवर जहाज आत आणायचंच नव्हतं. तासभर बाहेर थांबलं असतं तर तिसरा मिळाला असता.

भोंगा_निवृत्त, सोमवार सकाळी ९.००

पायलटला वीस नॉट दिसत होते, अठ्ठावीस नाही. जुलैमध्ये तासभर बाहेर थांबलेलं जहाज तासाभरानं तीस नॉटमध्ये सापडू शकतं, मग भरतीही गेलेली. मी तेव्हाही पायलटच्या जागी नव्हतो, आत्ताही नाही.

खडकवासला_मॉडेल, सोमवार सकाळी १०.३०

अशा वेळी सरासरी वारा धरायचा की झोत, यावर आमच्या बैठकांत दोन तट पडायचे. बंदरवाले सरासरी, नाविक झोत. मला नाविकांचं पटायचं, कारण जहाज चार मिनिटांत पोचतं आणि सरासरी दहा मिनिटांची असते.

आडवातिडवा, सोमवार दुपारी १२.१५

एवढं कशाला? सुएझमध्ये अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ टगनंच ओढून काढलं ना 2021 मध्ये? मोठे टग आणायचे, प्रश्न मिटला.

थर्डमेट_औंध, सोमवार दुपारी १२.४०

तिथे आधी नाळेजवळची हजारो घनमीटर वाळू उपसली, मग उधाणाच्या भरतीची वाट पाहिली, आणि शेवटी टग. आणि ते जहाज रुतलेलं होतं, धक्क्यापासून तीस मीटरवर वाऱ्यात तरंगत नव्हतं. वेगळं दुखणं.

अनघा_माई (निगडी), सोमवार दुपारी २.००

माझा मुलगा तळेगावच्या मरीन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. टगवर नोकरी लागली तर घरी रोज येता येतं असं त्याचे मित्र म्हणतात. भोंगा भाऊ, हे खरं का? मी हे सगळं वाचून घाबरले आहे.

भोंगा_निवृत्त, सोमवार दुपारी ४.३०

माई, बंदराच्या टगवर पाळी असते, पाळी संपली की घरी. पण पाळी कधी संपेल हे जहाज ठरवतं. घाबरण्यासारखं नाही. त्याला एवढंच सांगा की पहिल्या दिवसापासून टगमास्टर दोर कुठे बांधतो ते बघत राहा, आणि दार बंद करायला सांगितलं की का असं विचारू नको, आधी बंद कर.

शिवार_मंचर, सोमवार रात्री ८.००

एक राहिलं. मृदगंधताईंच्या मागच्या टगचा दोर लोंबत का होता? पगार फुकटचा?

भोंगा_निवृत्त, सोमवार रात्री ८.३५

तो सगळ्यात महत्त्वाचा असेल. जहाज चार-पाच नॉटनं येत असताना बाजूचे दोघे फारसे उपयोगाचे नसतात. जहाजाबरोबर पळण्यातच त्यांची निम्मी ताकद जाते, नीट आडवं ढकलायचं तर वेग तीनच्या खाली हवा. वेगात चालणाऱ्या जहाजाच्या खांद्याजवळ जाणं धोक्याचंही असतं. तिथे पाणी टगला आत ओढतं, आणि नाळेसमोर सापडलात तर जहाज तुमच्यावरून जातं. मागच्याला ही भानगड नाही. तो ब्रेक आहे आणि वेळ आली तर सुकाणूही. जहाजाचं इंजिन बंद पडलं की पायलटचा पहिला आवाज त्याला. त्यामुळे लोंबता दोर म्हणजे रिकामा टग नव्हे.

थर्डमेट_औंध, सोमवार रात्री ८.५०

बरोबर, पण आत येईपर्यंत दोर थोडा ताणात हवा असं माझं म्हणणं. फारच सैल दोर अचानक ताणला गेला तर हिसका बसतो. शिवारभाऊंचा टेम्पो आठवा.

भोंगा_निवृत्त, सोमवार रात्री ९.०५

किती सैल ते चित्र बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ताई, दुर्बिणीतून फोटो काढलाय का?

मृदगंध, सोमवार रात्री ९.३०

फोटो आहे पण त्यात लेकीचा अंगठा आणि अर्धी क्रेन. दोर पाण्याला टेकला होता की नाही यावर ती आणि तिचे बाबा आत्ता भांडतायत. ती म्हणते टेकला होता.